नातवाचा आगाऊपणा आणि आजोबांचा कारभार

2023 पासून राज्यातल्या शाळांमध्ये सप्टेंबर महिन्यात आजी-आजोबा दिवस साजरा होऊ लागला आहे. मराठवाड्यातल्या लहान गावांतल्या शाळाही तो उत्साहाने पार पाडतात. पटांगणात खुर्च्या मांडल्या जातात, औक्षण होते, काही ठिकाणी नातवंडांकडून पाद्यपूजन करवून घेतले जाते आणि एखादी चुणचुणीत मुलगी ज्येष्ठांच्या अनुभवाविषयी पाठ केलेले भाषण खणखणीत म्हणून दाखवते. कार्यक्रमाला नाव ठेवण्यासारखे त्यात काही नाही. मात्र खुर्चीवर अवघडून बसलेले आजोबा आणि समोर हात जोडून उभा असलेला नातू यांचे घरातले बोलणे ज्याने ऐकले आहे, त्याला हे दोघे कोणी तिऱ्हाईतच वाटतात. घरी तो नातू त्यांची काठी लपवतो आणि शोधून द्यायचे पाच रुपये मागतो. आजोबा त्याला ‘तुझ्या बापाला काठीनंच वळण लावलं, तुझ्यासाठी लाटणं बास हाय’ असे ऐकवतात. या बोलण्याला शाळेच्या कार्यक्रमात जागा नाही आणि अलीकडे ती पुष्कळ घरांतूनही आक्रसत चालली आहे, कारण आईवडिलांच्या पिढीला हा उद्धटपणा वाटू लागला आहे. ‘आजी-आजोबांना उलट बोलायचे नाही’ हा नियम मुलांना जितक्या कडकपणे शिकवला जातो, तितक्या कडकपणे मोबाइलचाही शिकवला जात नाही. माझे म्हणणे असे आहे की हा नियम चुकीच्या जागी लावला जात आहे. आजोबा आणि नातू यांच्यातली थट्टा हे वळण बिघडल्याचे लक्षण मानण्याऐवजी, घरातला अधिकार कोणाच्या हाती आहे याचे लक्षण म्हणून ती वाचली पाहिजे.

मानववंशशास्त्राने या थट्टेकडे फार पूर्वी लक्ष दिले. रॅडक्लिफ-ब्राऊन यांनी 1940 मध्ये थट्टेच्या नात्यांवर एक लेख लिहिला. काही नात्यांत एकाने दुसऱ्याची खोडी काढावी आणि दुसऱ्याने राग मानू नये अशी समाजाचीच मुभा असते, हे त्यांनी त्यात मांडले. आपल्याकडच्या मेहुणा-मेहुणी, दीर-भावजय या नात्यांना ते चपखल लागू पडते. आजा-नातवाच्या थट्टेचाही विचार त्यांनी केला होता. पुढे 1956 मध्ये डोरियन ॲपल यांनी निरनिराळ्या समाजांच्या नोंदी ताडून पाहिल्या. त्यांना असे दिसले की जिथे आजोबांच्या पिढीची आईवडिलांच्या पिढीवर घरात सत्ता चालते, तिथे आजोबा आणि नातू यांचे नाते बरोबरीच्या सलगीचे नसते, आणि जिथे ती सत्ता नसते किंवा ओसरलेली असते, तिथे सलगी फुलते. हा निष्कर्ष मला आपल्या भागातल्या घरांना अतिशय लागू वाटतो, कारण आपल्याकडे एकाच आजोबांच्या आयुष्यात या दोन्ही अवस्था एकापाठोपाठ येताना दिसतात.

सातबारा आजोबांच्या नावावर आहे, सोयाबीन किती एकर आणि तूर किती एकर हे तेच ठरवतात, आडतीवरून आलेले पैसे त्यांच्या बंडीच्या आतल्या खिशात जातात आणि चाळिशीतला मुलगा डिझेलसाठी त्यांच्यापुढे उभा राहतो, असे घर डोळ्यांपुढे आणा. त्या घरात नातू आजोबांची चेष्टा करत नाही. त्याला कोणी शिकवलेले नसते, पण बाप ज्यांच्यापुढे खालच्या आवाजात बोलतो त्यांच्यापुढे आपण वरच्या आवाजात बोललो तर त्यात बापाची शोभा होते, हे त्याला कळते. पुढे एखाद्या आजारपणानंतर किंवा वाटणी होऊन फेरफार झाल्यावर कारभार मुलाकडे जातो. आजोबांची बैठक माळवदाच्या आतल्या खोलीतून दरवाजालगतच्या ढाळजेत येते. आता त्यांना कोणी काही विचारत नाही आणि त्यांनाही कोणाला काही विचारावे लागत नाही. पहिले काही महिने ते चिडचिड करतात. मग एखाद्या दिवशी शाळेतून आलेला नातू त्यांच्या पागोट्याविषयी काहीतरी बोलून जातो, ते त्याच्या दप्तराविषयी काहीतरी बोलतात आणि एक नवे नाते सुरू होते. माणूस तोच असतो. गेलेला असतो तो फक्त कारभार. आजीच्या बाबतीत हा बदल इतका ठळक नसतो, कारण तिच्या हाती फार तर कोठीघराची किल्ली असते, म्हणून बहुतेक घरांत थट्टेचा आरंभ आजीपासूनच होतो. आजोळी तर पहिल्या दिवसापासून मोकळीक असते, कारण आईच्या आईवडिलांना नातवाच्या वळणाची जबाबदारी कोणी दिलेलीच नसते.

थट्टा प्रत्यक्षात कशी चालते आणि कुठे मोडते ते जवळून पाहण्यासाठी औसा तालुक्यातल्या एका येळवसेच्या दुपारकडे वळतो. लातूर आणि धाराशिवकडे येळवसेला, म्हणजे वेळ अमावस्येला, गावे ओस पडतात आणि शिवारे भरतात. नोकरीसाठी पुण्या-मुंबईला गेलेली माणसेही त्या दिवशी शेतात येतात. कडब्याच्या कोपीत पांडवांची पूजा झाली होती, भज्जी, बाजरीचे उंडे आणि आंबील यांच्या पंगती चालू होत्या. शहरातून आलेला नऊ वर्षांचा नातू आजोबांच्या शेजारी बसला होता. त्याचे पुढचे दोन दुधाचे दात नुकतेच पडले होते. त्याने विचारले, ‘आबा, उंडा कुस्करून देऊ का? दात घरी ठिवून आलाव वाटतं.’ शहरात वाढलेल्या या मुलाने सुट्ट्यांत आबांचीच बोली उचलली होती. आबा म्हणाले, ‘माझे सत्तर वर्षं भाकरी खाऊन गेले. तुझे तर नुसती बिस्किटं खाऊनच पडलेत.’ नातू म्हणाला, ‘माझे परत येणार हायेत. तुमचे कुठून येणार?’ त्यावर आबा जागचे हलले नाहीत. ‘माझे आलेत की. लातूरच्या डॉक्टरला रोख पैसे मोजून आणलेत. तुझे उधारीवर हायेत, आले तर आले.’ पंगत खदखदून हसली. नातवाला उत्तर सुचेना आणि तो पुढच्या वाराची जुळवाजुळव करत असतानाच त्याची आई वाढता वाढता थांबली आणि म्हणाली, ‘असं बोलतात का मोठ्या माणसाला? पाया पड आबांच्या.’ मुलगा उठला, पाया पडला. आबा ‘राहू दे, राहू दे’ म्हणाले आणि आंबिलीचा पेला त्यांनी उचलला. जेवण संपेपर्यंत दोघे एकमेकांशी बोलले नाहीत.

या चार वाक्यांच्या झटापटीत काय काय पाळले गेले ते पाहण्यासारखे आहे. दातांचा विषय मुलाने नव्याने काढला नव्हता. आबा गेले वर्षभर आपल्या कवळीवर स्वतःच विनोद करत होते आणि ती डबीत ठेवताना ‘चला, पोरं झोपली’ असे म्हणत होते. माझ्या पाहण्यात हा जवळजवळ पक्का नियम आहे: म्हातारा माणूस आपल्या ज्या उणिवेवर स्वतः हसतो, तिच्यावर नातवाला हसता येते, आणि जिच्याविषयी तो गप्प असतो तिला हात लावायचा नसतो. त्याच घरात आबांना रात्री चार वेळा उठावे लागते हे सगळ्यांना माहीत होते, नातवालाही. पण ते त्याच्या तोंडून कधी आले नाही. दुसरी गोष्ट अशी की मुलाने ‘तुम्ही’ सोडले नाही. कित्येक घरांत आजीला ‘तू’ आणि आजोबांना ‘तुम्ही’ म्हणतात, आणि थट्टा कितीही रंगली तरी हा पायंडा मोडत नाही. तिसरी गोष्ट म्हणजे शेवटचा शब्द आजोबांचा होता. असे दर वेळी होत नाही, पण नातू दर वेळी जिंकू लागला तर समजावे की आजोबांनी खेळणे सोडले आहे आणि ते केवळ सोसत आहेत.

मग आईने का थांबवले? तिला विनोद कळला नाही, असे म्हणणे तिच्यावर अन्याय करणारे होईल. पंगतीत दोन चुलत सासवा आणि एक नणंद बसली होती. मुलगा जे काही बोलेल त्याचा जाब उद्या तिलाच द्यावा लागणार होता, कारण ‘पोराला वळण नाही’ या वाक्याचा रोख आपल्याकडे नेहमी सुनेवरच असतो. मुलाच्या बापाला तिथे काही वाटले नाही आणि कोणी त्याला बोलणारही नव्हते. म्हणजे नातवाच्या आगाऊपणाची किंमत तिसऱ्याच माणसाकडून वसूल होते, आणि ज्याच्याकडून वसुली होते तोच थट्टा बंद पाडतो. याला उपाय आहे आणि तो आईच्या हाती नाही. आबांनी त्याच क्षणी सगळ्यांना ऐकू जाईल असे ‘मीच शिकवलंय त्याला, बसू दे’ म्हटले असते तर सुनेवरचा भार उतरला असता. ‘राहू दे’ या शब्दांनी तो उतरत नाही, कारण ते पाया पडण्यापुरते असतात. ज्यांना नातवाची थट्टा हवी आहे त्या म्हाताऱ्यांनी चारचौघांत तिची जबाबदारी घेतली पाहिजे, ही माझी अपेक्षा फार मोठी नाही.

थट्टेचा गैरवापर होतो हेही इथेच सांगितले पाहिजे, कारण विरोध करणाऱ्यांच्या म्हणण्यात जे खरे आहे ते यातच आहे. लेकी बोले सुने लागे ही म्हण आपल्या घरांतल्या बोलण्याची रीतच सांगते, आणि नातवंड हे त्यासाठी फार सोयीचे पात्र असते. आजी नातीला म्हणते, ‘तुला काय भाकरी येणार गं, तुमच्या घरी तर भाकरी विकत येती.’ नात हसते. स्वयंपाकघरातल्या सुनेला मात्र जे लागायचे ते लागलेले असते. उलट दिशेनेही हेच घडते. नात एखाद्या दिवशी आजीला म्हणते, ‘तुला फक्त काकूचंच कौतुक’, आणि आजीला लगेच कळते की हे वाक्य दहा वर्षांच्या डोक्यातून आलेले नाही. खरी थट्टा आणि हा आडून मारलेला टोमणा यांतला फरक ओळखायला अवघड नाही. खरी थट्टा समोरच्या दोघांपुरती असते आणि तिचा विषय त्या दोघांपैकीच एकाचे दात, टक्कल, घोरणे, अभ्यास किंवा चहातली साखर असतो. तिसऱ्या माणसाचे काही त्यात आले आणि तो माणूस शेजारच्या खोलीत ऐकू येईल इतक्या अंतरावर असला, तर तो निरोप आहे. असा निरोप मुलाच्या हाती देणे मला कवळीवरच्या विनोदापेक्षा कितीतरी अधिक असंस्कृत वाटते, पण त्याबद्दल कोणी मुलाला किंवा आजीला पाया पडायला लावत नाही.

नातींच्या बाबतीत आणखी एक बोलणे जुने आहे. आजोबा नातीला ‘ही माझी नवरी, म्हातारी आता नको’ म्हणतात आणि आजी लटक्या रागाने ‘घेऊन जा बाई, माझी सुटका कर’ म्हणते. पाच वर्षांची मुलगी यावर खूश होते, कारण तिला त्यात फक्त महत्त्व मिळाल्याचे कळते. बारा-तेरा वर्षांची मुलगी मान खाली घालते. त्या दिवसापासून हे वाक्य बंद व्हावे असे मला वाटते, आणि ‘आमच्यात असंच बोलतात’ हे उत्तर मला पटत नाही. ज्या थट्टेला समोरच्याकडून परतफेड येऊ शकत नाही ती थट्टा राहत नाही. गंमत म्हणजे याच वयात नातीची आगाऊ उत्तरे मात्र ‘तुला उद्या परक्याच्या घरी जायचंय’ म्हणून दडपली जातात. म्हणजे तिने ऐकायचे तेवढे शिल्लक राहते आणि बोलायचे तेवढे काढून घेतले जाते, आणि तिचा भाऊ मात्र पंधराव्या वर्षीही आजीला ‘म्हातारे’ म्हणून मोकळा असतो.

विरोधकांचा मुख्य आक्षेप यापेक्षा वेगळा असतो. ते म्हणतात की सुरुवात चेष्टेने होते आणि पुढे म्हाताऱ्यांची किंमत राहत नाही. मी उलट अनुभव सांगेन. ज्या घरांत म्हाताऱ्या माणसाची हेळसांड होते, तिथे त्याची चेष्टा होत नसते. त्याच्याशी बोलणेच होत नसते. ताट समोर सरकवले जाते, ‘जेवलात का’ असे विचारले जाते आणि उत्तराची वाट न पाहता विचारणारा निघून जातो. नातवाला आजीची खोडी काढायची असेल तर आधी तिचे बोलणे लक्ष देऊन ऐकावे लागते. माझ्या ओळखीच्या एका घरात आजी उठताबसता ‘माझ्या आता गोवऱ्या मसणात गेल्या’ म्हणत असे. सहावीतल्या नातवाने एकदा विचारले, ‘आज्जी, गोवऱ्या मसणात गेल्या म्हणतीस, मग चुलीत काय घालतीस?’ आजी म्हणाली, ‘परत आणल्या रे. तुझं लगीन बघायचंय म्हणून.’ मरणाचा विषय इतक्या सहजतेने त्या घरातल्या कोणत्याही मोठ्या माणसाला तिच्याशी काढता आला नसता. मुलगा तिचा विषय टाळत बसला नाही, म्हणून तिलाही तो वळवता आला.

अधिकार आला की थट्टा जाते हे जर खरे असेल, तर त्याचा सर्वांत कठीण पुरावा बीड जिल्ह्यात दिसतो. धारूर, केज, वडवणी, पाटोदा या भागांतली जोडपी दिवाळीच्या सुमारास मुकादमाची उचल घेऊन ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. नवरा-बायकोचा मिळून एक कोयता धरला जातो आणि हंगाम संपून घरी यायला मार्च-एप्रिल उजाडतो. अनेक मुले सोबत जातात आणि अनेक आजी-आजोबांजवळ मागे राहतात. मागे राहणाऱ्यांच्या शिक्षणासाठी हंगामी वसतिगृहांची योजना आहे, पण मुलाला सकाळी उठवणे, त्याचा ताप पाहणे, अंधार पडल्यावर तो कुठे आहे याचा शोध घेणे हे आजीच्याच गळ्यात असते. तिकडून फोन आला की ‘पोरगं शाळेत जातंय का’ याचे उत्तर तिला द्यायचे असते. अशा घरात पाच-सहा महिने आजी ही आजी राहत नाही, तिला आई व्हावे लागते, आणि आईची चेष्टा करून चालत नाही. मुलाने ‘शाळेला जात नाही, तुलाच पाठवतो पाटी घेऊन’ म्हटले, तर एरवी जी आजी हसली असती ती आता हात उगारते, कारण तिला ते बोलणे परवडत नाही. पाडव्यानंतर आईबाप परत येतात, पण आजी लगेच पूर्वीसारखी होत नाही. मुलगा तिच्यापासून थोडा लांब बसतो आणि ती आईने केलेल्या प्रत्येक लाडात खोट काढते. यात कोणाचाच दोष नाही. पण ‘हल्लीची मुलं आजीशी नीट बोलत नाहीत’ असे म्हणणाऱ्यांनी आजीवर कोणते काम टाकले गेले आहे तेही पाहावे.

शहरांतल्या घरांत हेच वेगळ्या रीतीने होते. दोघेही नोकरी करतात म्हणून गावाकडून आजीला बोलावून घेतात आणि गृहपाठ, जेवण, टीव्हीची वेळ या सगळ्यांची राखण तिच्याकडे देतात. संध्याकाळी आईबाप येतात, मुलाला जवळ घेतात, मोबाइल देतात, आणि मग आश्चर्य करतात की मुलगा आजीवर खेकसतो कसा. दिवसभर पहारेकऱ्याचे काम केलेल्या माणसाशी संध्याकाळी कोणी गंमत करत नाही. आजीला बोलावणे भाग असेल तर शिस्तीचा वाटा आईबापांनी स्वतःकडे ठेवावा आणि ‘नाही’ म्हणण्याचे काम फोनवरून का होईना पण आपणच करावे.

शेवटी एक साधी शारीरिक अडचण, जिच्यामुळे चांगली थट्टा वाया जाते. उतारवयात कान आधी बारीक, उंच आवाजांना दगा देतो. मुलांचे आवाज उंच असतात, ती भरभर बोलतात आणि विनोदाचा शब्द नेमका वाक्याच्या शेवटी हळू आवाजात टाकतात. स, श, फ अशी अक्षरे आजोबांना नीट पोचत नाहीत. मग त्यांना शब्द ऐकू येत नाही, फक्त सगळे हसलेले दिसतात, आणि आपल्यालाच हसले असे वाटून ते उठून जातात. घरचे म्हणतात आजोबांना विनोद कळत नाही. मुलाने तेच वाक्य ओरडून पुन्हा म्हटले तर विनोद भांडणासारखा ऐकू येतो. उजेडात समोर बसून, तोंड दिसेल असे, सावकाश बोलले तर बहुतेक वेळा काम भागते. आजी-आजोबा दिवसाला पाद्यपूजनाऐवजी शाळांनी हुमाणांचा, म्हणजे कोड्यांचा, सामना ठेवावा असे मला वाटते. ‘बत्तीस चिरे, त्यात नागीण फिरे’ किंवा ‘काळी गाय, काटे खाय, पाण्याला बघून उभी राय’ असे हुमाण आजीने घालावे आणि नातवाने जीभ आणि वहाण ही उत्तरे सांगून स्वतःचे एखादे तिच्यावर टाकावे. फक्त त्यासाठी मांडवात कर्णे लावू नयेत. सतरंजीवर दोघांना समोरासमोर बसवावे आणि गुरुजींनी मध्ये बोलू नये.